व्होडकाला ‘न्यूट्रल’ का म्हणतात आणि तरीही तिची चव का बदलते? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्होडका ‘न्यूट्रल’ असते म्हणजे तिला चवच नसते का?

नाही. ‘न्यूट्रल’ किंवा ‘तटस्थ’ हा शब्द मुळात मद्यार्क कसा तयार केला हे सांगतो. पेल्यातील चवीचे वर्णन करण्यासाठी तो आलेला नाही. धान्य, बटाटा किंवा फळ आंबवल्यावर इथाइल अल्कोहोलसोबत इतर कित्येक पदार्थ तयार होतात. त्यांत जड अल्कोहोले, एस्टर, आल्डिहाइड, आम्ले आणि थोडे मिथेनॉल असते. व्हिस्की, ब्रँडी किंवा रम यांची ओळख या सोबतच्या पदार्थांवरच उभी असते, आणि लाकडी पिंपात मुरवल्यास त्यात लाकडाची भर पडते. व्होडकासाठी मात्र हे सारे जवळजवळ काढून टाकले जाते. असा मद्यार्क कोणत्या पिकापासून आला ते वासावरून सहज सांगता येत नाही, म्हणून त्याला तटस्थ म्हणतात.

पण इथाइल अल्कोहोल स्वतः बेचव नाही. ते किंचित गोड, किंचित कडवट असते आणि जिभेला व घशाला जाळते. म्हणजे उरलेले सगळे पदार्थ पूर्णपणे काढून टाकता आले असते, तरी ४० टक्के अल्कोहोलचे पाणी चवीला साध्या पाण्यासारखे लागले नसते. ‘न्यूट्रल’ हा शब्द शून्य सांगत नाही, तो एक कमाल मर्यादा सांगतो. पुढची जवळजवळ सगळी उत्तरे या एका गोष्टीभोवती फिरतात.

ही मर्यादा कोणी आणि किती ठरवली आहे?

दोन व्याख्यांचा उल्लेख सर्वाधिक होतो. अमेरिकेच्या नियमांत न्यूट्रल स्पिरिट म्हणजे आकारमानाने किमान ९५ टक्के तीव्रतेपर्यंत ऊर्ध्वपातित केलेला मद्यार्क, आणि व्होडका हा त्याचाच एक प्रकार आहे. तिथल्या जुन्या व्याख्येत व्होडका ‘वेगळे व्यक्तित्व, गंध, चव किंवा रंग नसलेली’ असावी, असे स्पष्ट लिहिलेले होते. हे शब्द २०२० साली नियमांतून काढून टाकण्यात आले, कारण बाजारातल्या व्होडकांमध्ये फरक जाणवतो हे मान्य करणे भाग होते. माझ्या मते या विषयावरची ही सर्वांत प्रामाणिक सरकारी दुरुस्ती आहे.

युरोपीय संघाचा रस्ता वेगळा आहे. तिथे व्होडका शेतमालापासून काढलेल्या इथाइल अल्कोहोलपासून करावी लागते, आणि त्या अल्कोहोलची तीव्रता किमान ९६ टक्के असावी लागते. शिवाय कच्च्या मालाचे आणि किणवनातून आलेल्या पदार्थांचे गंध-चवीचे गुण ‘निवडकपणे कमी केलेले’ असावेत, असे तो नियम म्हणतो. ‘नष्ट केलेले’ असे तो म्हणत नाही. ज्याने हे शब्द लिहिले, त्याला विषय नीट माहीत होता.

मद्यार्क ९५–९६ टक्क्यांवरच का थांबतो? शंभर टक्के का करत नाहीत?

साध्या ऊर्ध्वपातनाने तो तिथवरच जाऊ शकतो. अल्कोहोल आणि पाणी यांचे मिश्रण आकारमानाने सुमारे ९७ टक्के अल्कोहोलपाशी आले, की द्रवातून उठणाऱ्या वाफेत दोघांचे प्रमाण द्रवातल्याइतकेच राहते. मग ते मिश्रण कितीही वेळा उकळले तरी वाफ अधिक तीव्र होत नाही. हे मिश्रण सुमारे ७८.२ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे शुद्ध अल्कोहोलच्या उत्कलनबिंदूच्या किंचित खाली. म्हणून ९६ टक्के ही कारखान्याला व्यवहारात गाठता येणारी जवळजवळ वरची पायरी आहे. उरलेले पाणी काढायला वेगळ्या पद्धती लागतात आणि व्होडकासाठी त्यांची गरजही नसते, कारण पुढे पाणी घालायचेच असते.

सोबतचे पदार्थ नेमके कसे वेगळे होतात?

हा भाग थोडा सावकाश समजून घ्यावा, कारण फिल्टरपेक्षा चवीचा निर्णय इथेच जास्त होतो.

आंबवलेला द्रव उंच कॉलममध्ये सोडला जातो. कॉलममध्ये एकावर एक अनेक थाळ्या असतात. खालून वाफ चढते, वरून द्रव उतरतो, आणि प्रत्येक थाळीवर दोघांची गाठ पडून थोडे थोडे वेगळे होणे घडते. जे पदार्थ अल्कोहोलपेक्षा सहज उडतात, उदाहरणार्थ असेटाल्डिहाइड आणि इथाइल असेटेट, ते शेंड्याकडे जमतात आणि तिथून काढून घेतले जातात. अगदी जड पदार्थ पाण्याबरोबर तळाशी जातात. एवढे सरळ आहे.

अडचण होते ती फ्युजेल तेलाची, म्हणजे आयसोअमाइल, आयसोब्युटाइल, प्रोपाइल अशा जड अल्कोहोलांची. भोवतालच्या द्रवात पाणी जास्त असेल तर हे पदार्थ इथाइल अल्कोहोलपेक्षा लवकर उडतात. भोवताली अल्कोहोल जास्त असेल तर ते मागे राहतात. त्यामुळे कॉलमच्या खालच्या पाणीदार भागातून ते वर ढकलले जातात, वरच्या तीव्र भागातून खाली ढकलले जातात, आणि मधेच कुठेतरी साचतात. तिथल्या थाळ्यांना बाजूने नळी लावून त्यांना बाहेर काढावे लागते. ही नळी चुकीच्या थाळीवर असेल किंवा पुरेसा द्रव काढला जात नसेल, तर साचलेले फ्युजेल हळूहळू वर सरकते आणि तयार मालात उतरते. त्याचा वास जड, थोडा रंगाच्या विरळकासारखा येतो.

याच गुणाचा उलटा उपयोग मोठे कारखाने करतात. ते तीव्र मद्यार्कात मुद्दाम भरपूर गरम पाणी मिसळतात आणि एका स्वतंत्र कॉलममधून तो नेतात. पाणीदार वातावरणात फ्युजेल आणि एस्टर वर उडून जातात, तर इथाइल अल्कोहोल पाण्याबरोबर खाली राहते. मग ते पुन्हा तीव्र केले जाते. मिथेनॉलची चाल याच्या उलट असते. ते पाणीदार मिश्रणात इथाइल अल्कोहोलला चिकटून राहते आणि तीव्र मिश्रणात थोडे सहज सुटते, म्हणून त्याच्यासाठी शेवटी आणखी एक कॉलम लागतो.

मग शेवटी बाटलीत किती उरते? एक हिशेब करून दाखवाल का?

युरोपीय नियमांतले आकडे घेऊ. तिथे शेतमालाच्या इथाइल अल्कोहोलमध्ये दर १०० लिटर शुद्ध अल्कोहोलमागे जड अल्कोहोले जास्तीत जास्त ०.५ ग्रॅम, आल्डिहाइड ०.५ ग्रॅम आणि एस्टर १.३ ग्रॅम चालतात. व्होडकासाठी मिथेनॉलची मर्यादा १० ग्रॅम आहे.

समजा ९६ टक्के तीव्रतेचा एक लिटर मद्यार्क आहे आणि त्याची ४० टक्क्यांची व्होडका करायची आहे. तिचे आकारमान २.४ लिटर होईल. गंमत अशी की त्यासाठी १.४ लिटर पाणी पुरत नाही, साधारण १.४७ लिटर लागते, कारण पाणी आणि अल्कोहोलचे रेणू एकमेकांत मिसळताना मिश्रण आकसते. जड अल्कोहोलांची मर्यादा शुद्ध अल्कोहोलच्या प्रत्येक लिटरमागे ५ मिलिग्रॅम येते. ४० टक्क्यांच्या एका लिटर व्होडकात शुद्ध अल्कोहोल ०.४ लिटर असते, म्हणून त्यात जड अल्कोहोले जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम. आल्डिहाइडही तेवढेच. एस्टर साधारण ५ मिलिग्रॅम.

तुलनेसाठी ब्रँडी पाहा. तिथे नियम उलटा आहे. इथाइल आणि मिथाइल अल्कोहोल सोडून इतर उडणारे पदार्थ दर १०० लिटर शुद्ध अल्कोहोलमागे *किमान* १२५ ग्रॅम असलेच पाहिजेत. ४० टक्क्यांच्या ब्रँडीच्या एका लिटरमध्ये हे ५०० मिलिग्रॅम होतात. एकीकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मिलिग्रॅम, दुसरीकडे निदान पाचशे. न्यूट्रल शब्दाचा खरा अर्थ या अंतरात आहे.

इतके थोडे उरत असेल, तर चवीत फरक पडतो हा केवळ भास आहे का?

काही वेळा भासच असतो, आणि त्याकडे शेवटी येऊ. पण नेहमी नाही.

नियम ज्यांना मोजतात ते पदार्थ आणि नाकाला जाणवणारे पदार्थ एकच नसतात. आयसोअमाइल अल्कोहोल नाकाला कळायला पुष्कळ प्रमाणात असावे लागते, त्यामुळे लिटरमागे २ मिलिग्रॅम बहुतेकांना कळणारही नाही. याउलट काही एस्टर आणि गंधकाची काही संयुगे अशी आहेत, की त्यांचा वास लिटरमागे काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या काही दशलक्षांश भागावरही लागू शकतो. असे पदार्थ कायद्याच्या सर्व कसोट्यांना उतरलेल्या मद्यार्कातही राहू शकतात. दोन व्होडकांचे प्रयोगशाळेतले आकडे सारखे दिसावेत आणि तरी एक भाकरीच्या कडेसारखी व दुसरी फिकी लागावी, हे म्हणूनच शक्य आहे. त्यात पाणी, घातलेली साखर आणि कोळशाचा परिणाम मिळाला की फरक आणखी उघड होतो.

कच्च्या मालाचा फरक खरोखर कळतो का?

कळू शकतो, पण तो कारखानदाराने कळू दिला तर. मद्यार्क नियमाच्या वरच्या टोकापर्यंत आणि सगळ्या कॉलममधून काटेकोरपणे शुद्ध केला, तर गव्हाचा आणि मक्याचा मद्यार्क वेगळा ओळखणे सरावलेल्या माणसालाही अवघड जाते. पण जो बनवणारा मधला भाग घेताना थोडा सैल राहतो, किंवा शेवटचे शुद्धीकरण हात राखून करतो, त्याच्या मालात पिकाची खूण राहते.

राय या धान्याच्या व्होडकेत सहसा थोडा मिरीसारखा तिखटपणा आणि पावाच्या सालीचा वास सांगितला जातो. गव्हाची व्होडका मऊ, कधी बडीशेपेच्या अंगाने जाणारी लागते. मक्याची गोडसर, लोण्याची आठवण करून देणारी. द्राक्षांच्या मद्यार्कात फळांचा आणि फुलांचा सुगंध थोडा राहतो. बटाट्याची व्होडका तोंडात जड, सायीसारखी आणि किंचित मातकट वाटते. ही वर्णने ढोबळ आहेत. दोन वेगवेगळ्या कारखान्यांच्या बाटल्या शेजारी ठेवल्या, तर जो फरक दिसेल तो पिकाचा की यंत्राचा, पाण्याचा की फिल्टरचा, हे सांगताच येणार नाही.

म्हणून तुलना करायची तर एकाच घरातली करावी. पोलंडमधील शोपँ ही व्होडका बटाटा, राय आणि गहू अशा तीन वेगळ्या पिकांपासून केलेली स्वतंत्रपणे मिळते. बनवणारा एकच असल्यामुळे त्या तिघींतला फरक पिकाकडे बोट दाखवतो असे म्हणायला जास्त आधार असतो. पिकाचा परिणाम होतो की नाही, या प्रश्नाचे उत्तर मला कोणी एका संध्याकाळी द्यायला सांगितले, तर मी लेख दाखवण्याऐवजी अशा तीन बाटल्या मांडेन.

पिकाचा मुद्दा कायद्यातही आला आहे का?

हो, आणि बराच तापला होता. २००६–०७ च्या सुमारास पोलंड, फिनलंड, स्वीडन यांसारख्या देशांनी व्होडका हे नाव धान्य आणि बटाट्याच्या मद्यार्कालाच मिळावे, अशी मागणी युरोपात केली. द्राक्षे किंवा साखरेच्या मळीपासून व्होडका करणाऱ्यांचा याला विरोध होता. अखेर ठरले ते असे: कोणताही शेतमाल चालेल, पण धान्य किंवा बटाट्याखेरीज दुसरे काही वापरले असेल, तर ते लेबलवर लिहावे लागेल. पोलंडने स्वतःपुरता नियम अधिक घट्ट ठेवला. ‘पोलिश व्होडका’ या भौगोलिक नावासाठी राय, गहू, ट्रिटिकेल, ओट, सातू किंवा बटाटा हे तिथेच पिकलेले असावे लागते. द्रव जर पूर्णपणे तटस्थ असता, तर एवढा वाद करण्याचे कारण निदान चवीच्या बाजूने उरले नसते.

बटाट्याची व्होडका जाडसर लागते ती त्यातल्या स्टार्चमुळे की ग्लिसरीनमुळे?

दोन्हींमुळे नाही. स्टार्च, साखर आणि प्रथिने उडत नाहीत, ती कॉलमच्या तळातून चोथ्याच्या पाण्यासोबत निघून जातात. यीस्ट किणवनात ग्लिसरीन तयार करते हे खरे, पण त्याचा उत्कलनबिंदू सुमारे २९० अंश आहे. ७८ अंशांच्या आसपास उकळणाऱ्या अल्कोहोलबरोबर ते वर येत नाही. व्होडकेत ग्लिसरीन सापडले, तर ते बहुधा नंतर घातलेले असते. हेच तत्त्व ग्लुटेनलाही लागू होते. गहू किंवा रायपासून काढलेल्या मद्यार्कात ग्लुटेन ऊर्ध्वपातनातून पार होत नाही, मात्र नंतर काही मिसळले असेल तर ते वेगळे तपासावे लागते.

मग बटाट्याचा भरीवपणा कशाचा? उरलेल्या अत्यल्प पदार्थांचे मिश्रण, पाण्यातले क्षार आणि बनवणाऱ्याने मुद्दाम राखलेली शैली यांचा, असे मला सर्वांत सयुक्तिक वाटते. एक गोष्ट बटाट्याबाबत निश्चित आहे: त्याच्या सालीत आणि गरात पेक्टिन असते, त्यापासून मिथेनॉल तयार होते, म्हणून त्याच्या मद्यार्कातून मिथेनॉल काढण्याचे काम जास्त काळजीने करावे लागते. फळांबाबतही तसेच.

‘पाच वेळा ऊर्ध्वपातित’ या शब्दांना अर्थ आहे का?

भांड्यात उकळून गाळणाऱ्यासाठी आहे. सलग चालणाऱ्या कॉलमसाठी फारसा नाही. अशा कॉलममध्ये प्रत्येक थाळी हे एक छोटे ऊर्ध्वपातनच असते आणि थाळ्या कित्येक असतात. त्यामुळे ‘वेळा’ कशा मोजायच्या, हे लिहिणाऱ्यावर राहते. विचारायचेच असेल तर कोणत्या थाळीतून काय काढले आणि किती टाकून दिले, हे विचारावे.

कोळशाचा फिल्टर नेमके काय करतो?

सेंट पीटर्सबर्गमधील औषधनिर्माता टोबियास लोव्हित्झ याने १७८५ साली पाहिले, की कोळशाची पूड टार्टारिक आम्लाच्या मळकट द्रावणाचा रंग काढून टाकते. त्याने पुढे तोच कोळसा धान्याच्या दारूचा उग्र वास काढण्यासाठी वापरला. रशियात बर्च झाडाचा कोळसा या कामासाठी रूढ झाला आणि बर्चपासून केलेला सक्रिय कोळसा तिथे आजही वापरला जातो.

कोळसा चाळणीसारखा काम करत नाही, म्हणून ‘फिल्टर’ हा शब्द थोडा फसवतो. सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमचे आतले पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या घरात असू शकते, आणि विरघळलेले रेणू त्या पृष्ठावर चिकटतात. पाण्याशी ज्यांचे फारसे जमत नाही असे मोठे, तेलकट रेणू घट्ट चिकटतात. लहान आणि पाण्यात सहज मिसळणारे रेणू, उदाहरणार्थ मिथेनॉल आणि असेटाल्डिहाइड, जवळजवळ सरळ निघून जातात.

यातून एक व्यावहारिक नियम निघतो. ९६ टक्के मद्यार्क स्वतःच उत्तम द्रावक असल्यामुळे तो तेलकट रेणूंना कोळशाकडे जाऊ देत नाही. पाणी घालून तीव्रता ४० टक्क्यांपर्यंत आणली की त्या रेणूंना द्रवात राहणे अवघड होते आणि कोळशाचा परिणाम वाढतो. रशियन पद्धतीत आधी पाणी मिसळून घेतलेले मिश्रण, ज्याला तिथे ‘सोर्तिरोव्का’ म्हणतात, मग वाळूतून व पुढे कोळशाच्या उंच स्तंभातून नेले जाते, ते याच कारणाने. शेवटी पुन्हा वाळूतून गाळले की कोळशाचे कण मागे राहतात.

फिल्टर जास्त वेळ केला तर व्होडका अधिक चांगली होते का?

नाही, आणि ही चूक वारंवार होते. कोळसा फक्त चिकटवून घेत नाही. तो रासायनिक क्रियेला जागाही देतो. त्याच्या छिद्रांत अडकलेल्या प्राणवायूमुळे इथाइल अल्कोहोलचा थोडा भाग असेटाल्डिहाइड बनतो, पुढे असेटिक आम्ल आणि त्यातून इथाइल असेटेटही होऊ शकते. मर्यादेत असेल तर हे उपकारक ठरते, कारण मद्यार्काचा उघडा जळजळीतपणा किंचित गोलाई घेतो. रशियन व्होडकेच्या ओळखीच्या चवीचा काही भाग या बदलातून येतो.

एक प्रसंग कल्पून पाहू. कोळसा नुकताच भरलेला आहे आणि प्रवाह नेहमीच्या वेगाने सुरू केला आहे. पहिल्या काही तुकड्यांत कोळसा फार कार्यक्षम असतो, तिथेच आल्डिहाइड सर्वांत जास्त वाढण्याची शक्यता असते, म्हणून सुरुवातीचा भाग अनेकदा परत मागे फिरवतात. आता मधे पंप बंद पडला आणि द्रव कोळशावर रात्रभर तसाच राहिला. सकाळी निघालेल्या मालात फ्युजेल कमी आणि आल्डिहाइड जास्त मिळतील. नाकाला तो हिरव्या सफरचंदाकडे झुकलेला, घशाला बोचरा वाटेल. उलट कोळसा संपत आला की छिद्रे भरून जातात आणि चिकटलेले पदार्थ उलट सुटू लागतात. तेव्हा निघालेली व्होडका आत गेलेल्या मिश्रणाहून फारशी वेगळी राहत नाही. अशा वेळी कोळसा वाफेने पुन्हा जागा करावा लागतो किंवा बदलावा लागतो.

हे कळण्यासाठी नाकाखेरीज एक जुनी सोपी चाचणी आहे. नमुन्यात पोटॅशियम परमँगनेटचे मोजके द्रावण घालतात आणि गुलाबी रंग ठरलेल्या फिकट छटेवर यायला किती वेळ लागतो ते पाहतात. सहज ऑक्सिडीकृत होणारे पदार्थ, त्यात आल्डिहाइडही आले, जितके जास्त तितका रंग लवकर उतरतो. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा वेळ शेजारी लिहून ठेवला, तर कोळसा सुधारणा करतो आहे की बिघाड, हे दिसते.

चांदी, क्वार्ट्झ, हिरे यांतून गाळल्याचा उपयोग होतो का?

क्वार्ट्झची वाळू तरंगणारे कण अडवते, विरघळलेल्या पदार्थांना ती सहसा हात लावत नाही. चांदीचा वापर कोळशाच्या सोबत केला जातो, पण बहुतांश काम कोळसाच करत असतो. हिऱ्यांच्या फिल्टरचा चवीवर परिणाम व्हावा असे रासायनिक कारण मला दिसत नाही. बर्फाइतके थंड करून गाळण्याला मात्र अर्थ आहे. थंडीत काही लांब साखळीचे एस्टर आणि क्षार धूसर होऊन बाहेर पडतात, ते अडवले की बाटली पुढे ढगाळ होत नाही. त्याबरोबर तोंडातला थोडा भरीवपणाही जातो, म्हणून सगळे बनवणारे ते करत नाहीत.

पाणी पिण्याच्या घरगुती फिल्टरमधून व्होडका गाळली तर ती सुधारते का?

सक्रिय कोळसा असलेल्या फिल्टरमधून काही वेळा गाळल्यास उग्र वास थोडा कमी होऊ शकतो, कारण तेलकट रेणू चिकटतात. पण ऊर्ध्वपातनात झालेली चूक तो भरून काढू शकत नाही. आणि एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते: मिथेनॉल असलेले संशयास्पद मद्य असल्या कोणत्याही फिल्टरने सुरक्षित होत नाही. मिथेनॉलचा लहान रेणू कोळशातून पार जातो आणि त्याचा वास व चव इथाइल अल्कोहोलपासून वेगळी कळत नाही. अज्ञात ठिकाणचा माल गाळून पिणे जिवावर बेतू शकते.

पाणी आणि साखर यांचा चवीत किती वाटा असतो?

अनेकांना वाटते त्याहून जास्त. बाटलीचा निम्म्याहून मोठा भाग पाणीच आहे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असलेले पाणी अल्कोहोलमध्ये मिसळले तर क्षार साका धरतात आणि द्रव गढूळ होतो, म्हणून पाणी मृदू करून किंवा झिल्लीतून गाळून घेतले जाते. क्षार अगदीच काढून टाकले तर व्होडका पोकळ आणि धारदार लागते, अशी बऱ्याच बनवणाऱ्यांची धारणा आहे, म्हणून काहीजण थोडे क्षार राखतात.

साखरेबाबत अमेरिकेचे नियम लिटरमागे २ ग्रॅमपर्यंत साखर आणि १ ग्रॅमपर्यंत सायट्रिक आम्ल चालू देतात. युरोपात साखर ८ ग्रॅमपर्यंत चालते. २ ग्रॅम साखर लिटरभर पाण्यात जेमतेम कळते, पण अल्कोहोलची धार बोथट करायला ती पुरते. ‘किती मऊ आहे’ असे कौतुक होते, तेव्हा श्रेय पिकाला किंवा पाच वेळांच्या ऊर्ध्वपातनाला दिले जाते आणि काम कदाचित चिमूटभर साखरेने केलेले असते. थेंबभर व्होडका काचेवर वाळू द्या. चिकट डाग राहिला, तर त्यात न उडणारे काहीतरी आहे, एवढे निश्चित.

हे फरक मला स्वतःला कळतात की नाही, ते कसे तपासावे?

बर्फगार व्होडकेवर तपासू नका. थंडीमुळे द्रव दाट होतो आणि गंधाचे रेणू कमी उडतात, त्यामुळे दोष आणि गुण दोन्ही लपतात. व्होडका खोलीच्या तापमानाला आणावी आणि तेवढेच गंधहीन पाणी घालून तीव्रता २० टक्क्यांवर आणावी. अल्कोहोलचा जाळ ओसरतो आणि त्याखाली दबलेला वास वर येतो. चाखून थुंकावे, नाहीतर चौथ्या पेल्यापासून निकालाला किंमत राहत नाही.

मग तीन एकसारखे पेले घ्यावेत. दोनांत एक व्होडका, तिसऱ्यात दुसरी. कोणत्या पेल्यात काय आहे हे ओतणाऱ्यालाच माहीत असावे आणि तो चाखताना समोर नसावा. तुमचे काम एवढेच, की वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनातून एकदा बरोबर येतेच. म्हणून ही फेरी क्रम बदलत बारा वेळा करावी, हवी तर दोन-तीन दिवसांत वाटून. अंदाजाने सरासरी चार उत्तरे बरोबर येतील. आठ किंवा अधिक बरोबर आली, तर तो फरक केवळ नशिबाने आला असण्याची शक्यता शंभरात दोनच्या आसपास राहते.

अशा चाचणीत दोन महागड्या गव्हाच्या व्होडका अनेकांना वेगळ्या ओळखता येत नाहीत, तर राय आणि बटाटा यांतला फरक तुलनेने लवकर सापडतो. आधी तेच दोन पेले घेऊन सुरुवात करावी, आणि ते जमले की एकाच पिकाच्या, पण वेगळ्या फिल्टरच्या बाटल्यांकडे वळावे.